विश्लेषण : दमट उकाड्यात रोजच्या दुचाकीस्वाराने कोणते हेल्मेट घ्यावे? फुल फेस की ओपन फेस?

मे महिन्यातील दुपारी मुंबई, ठाणे, पनवेल किंवा पणजीतील कोणत्याही सिग्नलवर थांबलेल्या दुचाकीस्वारांकडे पाहिले, तर हेल्मेटच्या अनेक तऱ्हा दिसतात. कोणाचे डोक्यावर असते पण पट्टा मोकळा लोंबत असतो. कोणी ते आरशावर अडकवलेले असते, तर कोणी पुढे पोलीस दिसेपर्यंत कोपरात घालून ठेवलेले असते. विचारले तर उत्तर एकच मिळते : ‘फार घाम येतो हो, गुदमरायला होते.’ या तक्रारीवर दुकानदाराकडे आणि मित्रमंडळींकडे तयार उपाय असतो, तो म्हणजे फुल फेस सोडून ओपन फेस घ्या. हा सल्ला कितपत बरोबर आहे? ओपन फेस हेल्मेटमध्ये डोके खरोखर थंड राहते का, आणि त्या बदल्यात स्वार काय गमावतो?

दोन्ही हेल्मेटमध्ये नेमका फरक काय?

फुल फेस हेल्मेट डोके, कान, मानेचा वरचा भाग झाकते आणि हनुवटीसमोर त्याला एक भक्कम कमान असते. ओपन फेस हेल्मेटमध्ये ही कमान नसते. टाळू, कपाळ, कानशिले, कान आणि डोक्याची मागची बाजू मात्र तेही झाकते. काही ओपन फेस हेल्मेटना हनुवटीपर्यंत येणारी लांब काच असते, तर काहींना फक्त वरची टोपीसारखी झापड. फक्त टाळूवर वाटीसारखे बसणारे अर्धे हेल्मेट किंवा कारखान्यातील टोपी यांना ओपन फेस समजू नये. त्यांनी कानशिले आणि डोक्याची मागची बाजू उघडी राहते.

आतली रचना दोन्हींत सारखीच असते. बाहेर प्लास्टिकचे किंवा फायबरचे कठीण कवच, त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर आणि सर्वात आत कापड व स्पंजाचे अस्तर. डोक्याला वाचवतो तो मधला थर्माकोल. आघात झाला की तो चिरडला जातो, डोके थांबायला थोडे अंतर मिळते आणि मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. हाच थर उष्णताही अडवून धरतो, कारण थर्माकोल हा उत्तम उष्णतारोधक आहे. बर्फाचे आणि मासळीचे खोके त्याचेच असतात. म्हणजे जो थर जीव वाचवतो तोच उकाडाही वाढवतो आणि टाळूवर तो दोन्ही प्रकारच्या हेल्मेटमध्ये सारखाच असतो.

दमट हवेत हेल्मेट इतके नकोसे का होते?

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम सुकण्याने होते. तो किती वेगाने सुकेल हे त्वचेलगतच्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या दाबातील फरकावर ठरते. मुंबईच्या किनाऱ्यावर तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेतील बाष्पाचा दाब सुमारे ३७ मिलिबार असतो. घामाने भिजलेल्या ३५ अंशांच्या त्वचेलगत तो ५६ मिलिबार असतो. फरक १९ मिलिबारचा. नागपुरात तापमान ४४ अंश पण आर्द्रता १५ टक्के असेल, तर हाच फरक ४२ मिलिबारवर जातो. म्हणजे वारा सारखाच असेल तर नागपुरात घाम मुंबईच्या दुपटीहून अधिक वेगाने सुकतो.

त्यामुळे दोन्हीकडचा हेल्मेटचा अनुभव वेगळा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात वारा त्वचेपेक्षा गरम असतो, तो चेहरा भाजतो. म्हणून तिथले दुचाकीस्वार तोंडाला रुमाल किंवा दुपट्टा गुंडाळतात आणि बंद काच त्यांना नकोशी वाटत नाही. किनाऱ्यावर हवा त्वचेपेक्षा किंचितच थंड असते. ती वाहत राहिली तरच घाम सुकतो आणि बरे वाटते. वाहणे थांबले की घाम निथळू लागतो, भुवयांवरून डोळ्यांत उतरतो, डोळे चुरचुरतात आणि अस्तर ओलेचिंब होते. त्यामुळे दमट हवेत प्रश्न हेल्मेटच्या आत हवा खेळते की नाही याचा आहे. किती भाग झाकला गेला, हे त्यानंतर येते.

ओपन फेसमध्ये डोके थंड राहते का?

चेहरा थंड राहतो, डोके राहत नाही. टाळूवर कवच, थर्माकोल आणि अस्तर हे तिन्ही थर दोन्हींत सारखेच असतात. ओपन फेस घातलेल्या स्वाराने तासाभराच्या प्रवासानंतर ते काढून पाहिले, तर केस तितकेच ओले असतात. फरक जाणवतो तो गाल, ओठ आणि हनुवटीवर. तिथे वारा थेट लागतो, श्वास मोकळा वाटतो आणि स्वतःचाच उष्ण, ओला उच्छ्वास तोंडाभोवती कोंडत नाही. गुदमरल्याची भावना बहुतांशी याच भागातून येते, म्हणून ओपन फेस घातल्याबरोबर ‘हलके’ वाटते.

याचा दुसरा अर्थ असा, की फुल फेसमध्येही चेहऱ्याच्या भागात हवा खेळवता आली, तर दोन्हींतील अंतर बरेच कमी होते. त्यासाठीचे सर्वात मोठे दार म्हणजे पुढची काच. कपाळावरच्या आणि हनुवटीवरच्या झडपा त्यानंतर येतात. स्वित्झर्लंडमधील एम्पा या संशोधन संस्थेत तापवलेल्या कृत्रिम डोक्यावर वेगवेगळी फुल फेस हेल्मेट चढवून, त्यांवर वारा सोडून किती उष्णता बाहेर जाते हे मोजले गेले. त्यात हेल्मेटागणिक मोठा फरक आढळला. काही हेल्मेटमध्ये वरच्या झडपा उघडूनही टाळूच्या भागात जवळजवळ काहीच बदल झाला नाही.

याचे एक कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. झडपेवर पडणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी ६० किलोमीटरला जेवढा दाब मिळतो, त्याचा फक्त नववा हिस्सा ताशी २० किलोमीटरला मिळतो. शहरातील रहदारीत छोट्या छिद्रांतून हवा आत ढकलायला हा दाब पुरत नाही. महामार्गावर उपयोगी पडणारी झडप पवईच्या कोंडीत नावापुरती उरते. तिथे काच वर करणे हाच उपाय.

हनुवटीच्या कमानीचा उपयोग किती?

‘शहरात तिशी-चाळिशीच्या वर गाडी जातेच कुठे?’ हा ओपन फेसच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद. पण दुचाकीवरून पडताना चेहरा रस्त्यावर किती वेगाने आदळेल, हे फक्त गाडीच्या वेगावर ठरत नाही. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. उभ्या गाडीवरून तोल गेला तरी हा वेग मिळतोच. पुढचे चाक खड्ड्यात अडकून स्वार हँडलवरून पुढे फेकला गेला, तर सर्वात आधी रस्त्याला लागतात ते हात, खांदा आणि अनेकदा चेहरा.

आता थांबण्याच्या अंतराचा विचार करा. हा वेग हनुवटीच्या कमानीतील थर्माकोल दोन-अडीच सेंटिमीटर चिरडत संपला, तर जबड्याला बसणारा झटका सुसह्य मर्यादेत राहू शकतो. उघडा जबडा थेट डांबरावर आदळला, तर थांबायला कातडी आणि मांस मिळून जेमतेम अर्धा सेंटिमीटर मिळते. अंतर पाचपट कमी म्हणजे झटका साधारण पाचपट जास्त. जबड्याचे हाड दोन्ही कानांसमोर कवटीच्या तळाशी जोडलेले असते. त्यामुळे हनुवटीवरचा जोरदार आघात दात आणि जबडा मोडून थांबेलच असे नाही, तो कवटीच्या तळापर्यंतही पोहोचू शकतो. नुसता जबडा मोडला तरी तो तारांनी बांधून आठवडेच्या आठवडे पातळ पदार्थांवर काढावे लागतात.

संशोधन काय सांगते?

जर्मनीतील हॅनोव्हर येथे दुचाकी अपघातांचा अभ्यास करणारे डीटमार ओटे यांनी हेल्मेटवर आघात कुठे झाले याची नोंद केली. त्यात सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले. ओपन फेसमध्ये नेमका हाच भाग उघडा असतो. ही आकडेवारी जर्मनीतील रस्त्यांची आणि वेगांची आहे, ती जशीच्या तशी ठाण्याला लावता येणार नाही. पण माणूस पडताना चेहरा पुढे येतो, ही शरीररचनेची गोष्ट देशागणिक बदलत नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र तपासले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. एका प्रकारचे हेल्मेट दुसऱ्यापेक्षा जास्त वाचवते का, हे ठरवण्याइतका पुरावा मात्र त्या अभ्यासांत नव्हता. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर क्रम स्पष्ट होतो. पहिला आणि मोठा फायदा कोणतेही प्रमाणित हेल्मेट पट्टा लावून घालण्यात आहे. त्यावर चेहरा आणि जबड्याचे जादा संरक्षण फुल फेसमधून मिळते. घरी राहिलेले फुल फेस डोक्यावरच्या ओपन फेसपेक्षा कधीही वाईट.

ठाणे ते सीप्झ : एका प्रवासाचा हिशेब

समजा, एक नोकरदार रोज सकाळी ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून निघतो, पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड, भांडुप, कांजुरमार्ग गाठतो आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवईमार्गे अंधेरीच्या सीप्झला पोहोचतो. अंतर सुमारे १८ किलोमीटर, वेळ ५० मिनिटे. सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास येतो. पण ही सरासरी फसवी आहे. ५० पैकी २० मिनिटे सिग्नल आणि कोंडीत उभे राहण्यात गेली, तर उरलेल्या ३० मिनिटांत १८ किलोमीटर कापले जातात, म्हणजे चालत्या गाडीचा सरासरी वेग ताशी ३६. त्यातही महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यात तो ६०च्या घरात जातो.

या प्रवासाचे दोन वेगळे भाग पडतात. महामार्गावर वेग आणि धोका जास्त असतो, पण वाराही भरपूर असतो. तिथे फुल फेसची हनुवटीची झडप उघडी आणि काच एक खाच वर असेल, तर चेहऱ्यावर पुरेसा वारा येतो. पवईच्या चढावर आणि सिग्नलवर वारा नसतो. खरा त्रास होतो तो या २० मिनिटांत. तिथे काच पूर्ण वर घेतली की फुल फेसमध्येही नाक-डोळ्यांचा भाग मोकळा होतो. उभ्या गाडीवर काच बंद ठेवली तर उच्छ्वासातील कर्बवायू आणि वाफ आत साचतात, म्हणून थांबताच काच वर करण्याची सवय सोयीची तशीच आरोग्याचीही आहे. गाडी हलली की काच पुन्हा खाली. डोळ्यांत जाणारा एक किडा किंवा खडीचा कण अपघाताला पुरेसा असतो.

या स्वाराला ओपन फेस घेऊन काय मिळेल? उभ्या २० मिनिटांत हनुवटी आणि गालांना थोडा मोकळेपणा. काय जाईल? महामार्गावरील वेगवान टप्प्यात जबड्याचे संरक्षण. टाळूचा घाम तेवढाच राहील. अशा मिश्र प्रवासासाठी नीट हवा खेळणारे फुल फेस हेच उत्तर येते. त्यातही कवच पांढरे किंवा फिकट रंगाचे असावे. काळे कवच उन्हात उभे राहिल्यावर लवकर तापते आणि तो फरक नेमका सिग्नलवर जाणवतो.

पावसाळ्यात काचेवर वाफ का धरते?

जूननंतर उकाडा थोडा कमी होतो आणि फुल फेसची दुसरी अडचण सुरू होते. पावसाने बाहेरून भिजलेली काच सव्वीस-सत्तावीस अंशांपर्यंत थंड होते. नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा चौतीस अंशांच्या आसपास आणि बाष्पाने भरलेली असते. ती थंड काचेवर आदळली की बाष्पाचे थेंब बनतात आणि समोरचे धूसर होते. हवा आधीच दमट असल्याने हे थेंब सुकतही नाहीत. काच उघडावी तर पावसाचा मारा, बंद ठेवावी तर धुके, अशी कोंडी होते.

यावर तीन गोष्टी कामी येतात. नाकावर बसणारा उच्छ्वास-अडथळा, म्हणजे कमानीच्या आत लावलेली रबरी पाळ, श्वास खाली वळवते. ती बहुतेक हेल्मेटसोबत मिळते, पण अनेकजण काढून टाकतात. दुसरी, काचेच्या आतून बसवायची पारदर्शक दुहेरी पट्टी. दोन थरांमध्ये अडकलेली हवा आतल्या थराला थंड होऊ देत नाही. यासाठी काचेला बाजूला दोन खुंट्या असाव्या लागतात, त्या आहेत का हे खरेदीआधी पाहावे. तिसरी, काच अगदी एका बोटाएवढी वर राहू शकेल अशी पहिली खाच. ही खाच नसलेल्या हेल्मेटची काच एकतर पूर्ण बंद राहते नाहीतर भसकन वर जाते.

ओपन फेसमध्ये धुक्याचा त्रास कमी, पण काच छोटी असेल तर ताशी ५० किलोमीटरला पावसाचे थेंब गालांवर सुयांसारखे टोचतात आणि डोळे किलकिले करून गाडी चालवावी लागते. चष्मा लावणाऱ्यांची तर दुप्पट पंचाईत होते. म्हणून ओपन फेस घ्यायचे ठरले, तरी ते हनुवटीपर्यंत काच असलेलेच घ्यावे. ती काच वारा-पाऊस अडवते, पण आघातापासून वाचवत नाही, हे मात्र विसरू नये.

मग ओपन फेस कोणासाठी?

काही जणांसाठी तोच शहाणपणाचा पर्याय आहे. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्याला दिवसातून तीस-चाळीस वेळा हेल्मेट काढावे-घालावे लागते. पत्ता विचारायचा असतो, फोनवर बोलायचे असते, आणि बहुतेक अंतर गल्ल्यांतले असते. फुल फेस दिले तर तो पाचव्या फेरीनंतर ते पेटीत टाकेल. दमा असलेल्यांना किंवा बंद जागेची भीती असलेल्यांना चेहऱ्यासमोरील कमान सहन होत नाही. मानेचे दुखणे असलेल्यांना वजनाचा फरकही जाणवतो, कारण फुल फेस साधारण ओपन फेसपेक्षा जड असते. या सगळ्यांसाठी प्रश्न ‘फुल की ओपन’ असा नसून ‘ओपन की काहीच नाही’ असा असतो आणि त्याचे उत्तर उघड आहे.

मधला मार्ग म्हणून हनुवटीची कमान वर उचलता येणारे फ्लिप-अप हेल्मेट मिळते. सिग्नलवर किंवा पेट्रोल पंपावर कमान उचलली की ओपन फेसचा मोकळेपणा मिळतो. त्याला दोन अटी आहेत. बिजागरी आणि खटक्यामुळे ते साध्या फुल फेसपेक्षा जड असते. आणि कमान वर ठेवून गाडी चालवली तर ते ओपन फेससारखेच ठरते, शिवाय कपाळावर आलेले वजन आणि वारा मानेला ओढतो. युरोपच्या ईसीई मानकात याची स्पष्ट नोंद असते. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत क्रमांकानंतर ‘पी’ अक्षर असेल तर हनुवटीची कमान आघात-चाचणीत उतरलेली आहे. ‘जे’ म्हणजे उघड्या तोंडाचे. ‘एनपी’ म्हणजे कमान दिसते पण ती आघातापासून वाचवणारी नाही. दोन्ही स्थितींत चालणाऱ्या फ्लिप-अपवर ‘पी/जे’ असते.

दुकानात काय तपासावे?

भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाच्या वर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर टाकून परवाना कोणाचा आहे हे पाहता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असणेही आवश्यक आहे आणि नियम मोडल्यास कलम १९४-डनुसार १,००० रुपये दंड व तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. मात्र आयएसआय चिन्ह ओपन फेसवरही असते आणि फुल फेसवरही. हवा कशी खेळेल हे ते सांगत नाही. ते स्वतः पाहावे लागते.

त्यासाठी आतले अस्तर बाजूला सारून झडपेच्या मागे पाहावे. थर्माकोलमध्ये आरपार छिद्र आणि तिथून मागच्या बाजूला जाणारी खाच दिसली, तर झडप खरी. कवचावर झडप आणि आत सलग थर्माकोल असेल, तर ती निव्वळ शोभेची. तसेच हनुवटीच्या कमानीत आतून अंगठा दाबून पाहावा. पातळ स्पंजाखाली लगेच कठीण प्लास्टिक लागले, तर धक्का शोषणारा थर तिथे नाही. अशी कमान म्हणजे नुसती भिंत.

दमट भागात सर्वाधिक होणारी चूक मापाची आहे. ‘आत हवा खेळावी’ म्हणून एक माप मोठे हेल्मेट घेतले जाते. त्याने हवा खेळत नाही, हेल्मेट मात्र डोक्यावर फिरते आणि पडताना पुढे किंवा मागे सरकून निघूनही जाते. भुवयांच्या वर दोन-एक सेंटिमीटरवरून फीत फिरवून डोक्याचा घेर मोजावा आणि त्याच मापाचे घ्यावे. घातल्यावर डावी-उजवीकडे हलवले तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढले, तर ते निघता कामा नये. नवीन हेल्मेट गालांवर थोडे घट्ट लागणे बरोबर आहे, ते महिनाभरात सैलावते. पण दुकानात दहा मिनिटे घालून कपाळावर एका जागी दुखू लागले, तर त्या हेल्मेटचा आकारच आपल्या डोक्याचा नाही. ते उन्हात कधीच सोसवणार नाही.

घामाचे काय करायचे?

अस्तर एकदा भिजले की त्यातून घाम सुकत नाही, उलट वास आणि खाज सुरू होते. म्हणून निघणारे, धुता येणारे अस्तर ही किनाऱ्यावरच्या स्वारासाठी झडपेइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. आत पातळ सुती टोपी घातली तर घाम तिच्यात उतरतो आणि ती रोज धुता येते. त्याने डोके थंड होत नाही, पण डोळ्यांत घाम उतरणे थांबते. ही टोपी हेल्मेटची खरेदी करतानाही घालून पाहावी, नाहीतर नंतर माप चुकते. कचेरीत पोहोचल्यावर हेल्मेट डिकीत कोंबण्यापेक्षा उलटे करून पंख्याखाली ठेवावे. आरशावर अडकवू नये, कारण आरशाच्या टोकाने थर्माकोल दबतो. पेट्रोलपासूनही ते दूर ठेवावे, कारण पेट्रोलने थर्माकोल विरघळतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

थोडक्यात, उकाड्याच्या कारणावरून हनुवटीचे संरक्षण सोडण्याचा व्यवहार तोट्याचा ठरतो, कारण टाळूचा उकाडा त्याने कमी होत नाही. महामार्गाचा टप्पा असलेल्या रोजच्या प्रवासाला फिकट रंगाचे, योग्य मापाचे, आरपार झडपांचे आणि एक खाच उघडी राहणारी काच असलेले फुल फेस घ्यावे. ते घालवतच नसेल तर लांब काचेचे ओपन फेस घ्यावे. दोन्ही बाबतीत पट्ट्याचे बकल ‘खट्’ वाजल्याशिवाय गाडी सुरू करू नये.